मासा सुचवावा, गळ्यात मारू नये: वेटरांचे नेहमीचे प्रश्न

पणजीतल्या आमच्या रेस्टॉरंटमध्ये दुपारी साडेअकराला, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, पंधरा मिनिटांचं ब्रीफिंग असतं. मुलं सावंतवाडी, कुडाळ, पेडणे, बेळगाव अशी कुठून कुठून आलेली. दर सीझनला अर्धी नवीन, पण प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, कारण ती तोंडात बसायला हवीत, वहीत नव्हे.

थाळी, पाव, भाजी यांचे भाव मेन्यूवर छापलेले असतात, तिथे फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो मेन्यूवर भावाच्या जागी 'अ‍ॅज पर साईझ' लिहिलेलं असतं तिथे, म्हणजे बर्फावरच्या अख्ख्या माशापाशी. इथलं बहुतेक बोलणं त्या माशाबद्दलच आहे.

सुचवणं आणि गळ्यात मारणं, फरक नेमका कुठे?

सुचवताना तुम्ही एकच पदार्थ नाव घेऊन सांगता, तो का ते एका वाक्यात सांगता, भाव सांगता आणि गप्प बसता. गळ्यात मारताना यातल्या शेवटच्या दोनांपैकी एक राहून जातं. म्हणजे एकतर भाव राहतो, नाहीतर गप्प बसणं राहतं.

'स्टार्टरमध्ये काय आणू?' हे सुचवणं नाही. ते स्टार्टर घेणारच असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. 'अजून काही?' हेही सुचवणं नाही, तो नुसता आवाज आहे, त्याला माणूस सवयीने 'नको' म्हणतो. 'आज तिसऱ्या चांगल्या आल्यात, सुक्या करून देतात, एक प्लेट तिघांत पुरते, साडेतीनशे' एवढं म्हणून थांबलात तर समोरच्याला विचार करायला काहीतरी मिळतं, आणि नको म्हणायला जागाही राहते.

दादा, भाव आधीच सांगितला तर माणूस घाबरून नकोच म्हणेल ना?

काही जण म्हणतील. म्हणू द्या. त्यांनी बिल बघून तोंड वाकडं करण्यापेक्षा ते बरं.

मी नवीन असताना किनाऱ्यावरच्या एका शॅकवर कामाला होतो. एक जोडपं आलं, नाशिकचं असावं. मी ट्रे घेऊन गेलो, तामसो दाखवला, लालबुंद, दिसायला देखणा. 'एकदम फ्रेश आहे सर, तंदूर करू?' सरांनी मान हलवली. वजन मी आत गेल्यावर केलं: एक किलो चारशे ग्रॅम. पंधराशे रुपये किलोच्या भावाने एकवीसशे झाले. त्यांच्या डोक्यात सहा-सातशेचा आकडा असणार. बिल बघून ते काही बोलले नाहीत, पैसे मोजून ठेवले. उठताना बाई मला म्हणाल्या, 'मासा छान होता हो. पण आधी सांगायचं ना.' आरडाओरडा केला असता तर मी विसरलो असतो.

ती मान हलली ती 'तंदूर करू?' या प्रश्नाला. 'एकवीसशेला घेता का?' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. ज्या प्रश्नाला हो मिळालं तेवढंच ते हो असतं, हे तेव्हापासून मी धरून आहे.

मग ट्रे घेऊन गेल्यावर काय काय करायचं, क्रमाने सांगा.

आधी ट्रे न्यायचा का ते विचारा. काही लोकांना जेवणाच्या टेबलावर कच्चा मासा, उघडा डोळा बघवत नाही. शेजारच्या टेबलावर शाकाहारी कुटुंब असेल तर ट्रे त्यांच्या नाकासमोरून नेऊ नका. अशा वेळी गिऱ्हाइकालाच काउंटरपाशी बोलवा.

ट्रेमध्ये दोनच मासे ठेवा, तीन फार तर. त्यातला एक लहान असलाच पाहिजे. नुसते मोठे मासे मांडून नेले की माणसाला वाटतं, लहान नाहीच. हे न बोलता केलेलं दडपण आहे, आणि आपल्या धंद्यात ते सर्रास चालतं.

मग काटा. रिकामं तबक काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, मग मासा ठेवा, आणि आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा वळवा. वजन साफ करायच्या आधीचं आहे हे सांगा. खवले, कल्ले, आतडी गेली की मासा हलका होतो, पुन्हा आगीवर पाणी सुटतं. ताटात आलेला मासा बघून 'हा आठशे ग्रॅम?' असं विचारणारे रोज भेटतात. आधी सांगितलेलं असलं की विचारत नाहीत.

वजनाला भावाने गुणून, जीएसटी धरून एक गोल आकडा तोंडाने सांगा. 'चौदाशे रुपये किलो' हा भाव झाला, आकडा नव्हे. सुट्टीवर आलेल्या माणसाला गुणाकार करायला लावू नका. आपल्याकडे ५ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही उद्या मोठ्या हॉटेलात कामाला गेलात तर तिथे १८ टक्के असू शकतो, कॅशियरला विचारून घ्या. सर्व्हिस चार्ज आपण लावत नाही. तो आपोआप बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे तुम्ही बोललेला आकडा आणि बिलातला आकडा जुळतो, आणि तो जुळलाच पाहिजे.

शेवटी वेळ. अख्खा मासा भरून तव्यावर किंवा तंदूरमध्ये व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. भुकेल्या मुलांचं टेबल असेल तर हे आधी बोला. केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या कागदावर, वजन आणि रक्कम दोन्ही लिहा, आणि ते लिहिताना एकदा मोठ्याने म्हणा.

तोंडात बसतील अशी वाक्यं द्या ना.

मराठीत, पुण्या-कोल्हापूरकडच्या कुटुंबाला:

'काका, आज चणाक चांगला आलाय. मधला काटा जाड असतो, बारीक काटे कमी, मुलांनाही खाता येतो. हा लहान साडेपाचशे ग्रॅमचा, टॅक्स धरून आठशेच्या आसपास जाईल. मेन्यू बघा तुम्ही, मी येतोच.'

तोच भाग इंग्रजीत:

'सर, वी हॅव अ नाईस चोनाक टुडे. इट इज अ लोकल सी बास, व्हेरी फ्यू स्मॉल बोन्स. धिस वन इज अबाउट एट हंड्रेड रुपीज विथ टॅक्स, अँड इट इज इनफ फॉर टू. प्लीज टेक युअर टाइम विथ द मेन्यू.'

ट्रे आणण्याआधी: 'ताई, मासे दाखवायला आणू का, की तुम्ही काउंटरवर येऊन बघता?' इंग्रजीत: 'शॅल आय ब्रिंग द फिश टु द टेबल, ऑर वुड यू लाइक टु सी इट अ‍ॅट द काउंटर?'

'मी येतोच' आणि 'टेक युअर टाइम' ही वाक्यं म्हणून खरोखर दोन पावलं मागे जायचं. वाक्य म्हणून तिथेच पेन उघडून उभे राहिलात तर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

गोंयकार टेबलावर एवढं भाषण नको. 'आज बरें नुस्तें आयलां' म्हणा आणि काय आलंय ती नावं सांगा. मासा तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतो.

एखादं टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल?

सोमवारची दुपार. चार जण: काका, काकू, मुलगा, सून. मुलाने पटापट सांगितलं, दोन सुरमई थाळी, एक बांगडा थाळी, एक व्हेज. व्हेज काकूंना, कारण सोमवार. भाव उदाहरणापुरते धरा: सुरमई थाळी ४५०, बांगडा ३००, व्हेज २२०. मिळून १,४२०.

नवीन वेटर इथे पहिली चूक करतो. 'सोलकढी आणू का चार?' सोलकढी थाळीत आहेच. किसमूर आहे, तळलेल्या माशाची एक तुकडी आहे. जे ताटात येणारच आहे ते वेगळं विकलं तर ताट आल्यावर चार सोलकढ्या जास्तीच्या दिसतात आणि त्या चौघांना कळतं की आपल्याला बनवलं. यापुढे तुम्ही काहीही सुचवा, ते ऐकणार नाहीत.

इथे सुचवण्यासारखं काय आहे? तीन जण मासे खाणारे आहेत, पण थाळीत प्रत्येकाला एकच तुकडी येते. सून मेन्यूत 'अ‍ॅज पर साईझ' वर बोट ठेवून मुलाला काहीतरी विचारत होती. ती खूण. वेटर म्हणाला, 'वहिनी, अख्खा मासा बघायचा असेल तर आज चणाक आहे. थाळ्या घेतल्या आहेतच, तेव्हा तिघांना लहान पुरेल. काउंटरवर येता?' काकू टेबलावर होत्या म्हणून काउंटर.

काट्यावर दोन मासे. मोठा ८५० ग्रॅम, १,४०० च्या भावाने १,१९०, टॅक्स धरून साडेबाराशे. लहान ५५० ग्रॅम, ७७०, टॅक्स धरून साधारण ८१०. दोन्ही आकडे सांगितले. मुलाने विचारलं, मोठा घ्यावा का? वेटर म्हणाला, 'थाळ्या नसत्या तर हो म्हटलं असतं.' त्यांनी लहान घेतला, रेशाद मसाला भरून. हे वाक्य मी नंतर ब्रीफिंगला सगळ्यांना म्हणून दाखवलं. त्या वाक्याने आपले चारशे वीस रुपये गेले, पण पुढचं जे झालं ते त्याच वाक्यामुळे झालं.

जेवण झाल्यावर मुलाने स्वतःहून विचारलं, गोड काय घ्यावं? आता त्याचा वेटरवर विश्वास बसला होता. वेटर म्हणाला, 'बेबिंका एक घ्या, तुकडा जड असतो, दोन-तीन चमचे देतो.' आणि लगेच काकूंकडे वळून, 'काकू, बेबिंकामध्ये अंड्याचा बलक असतो. तुमचा आज सोमवार आहे, तुम्हाला सेराडुरा चालेल, आपल्याकडे त्यात अंडं नसतं, बिस्किटाचा चुरा आणि क्रीम.' काकूंना काहीच नको होतं. पण त्यांनी विचारलं, 'तुम्ही कुठले?' कुडाळचा म्हटल्यावर पाच मिनिटं गप्पा झाल्या.

बिल: १,४२० च्या थाळ्या, ७७० चा मासा, १६० ची बेबिंका, मिळून २,३५०, वर ११७ रुपये ५० पैसे टॅक्स. दोनच गोष्टी सुचवल्या आणि बिल ९३० ने वाढलं. बिल आल्यावर कोणी कागद उलटा-सुलटा केला नाही.

बेबिंकातलं अंडं मात्र पक्कं लक्षात ठेवा. केकसारखी दिसते म्हणून लोक विचारतात, पण थरांची मिठाई म्हटल्यावर बरेच शाकाहारी विचारत नाहीत. तसंच सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या सुचवण्याआधी 'यातलं काही अंगावर उठतं का कोणाला?' हे विचारा. इंग्रजीत: 'एनी शेलफिश अ‍ॅलर्जी अ‍ॅट द टेबल?'

'बघू' म्हणाले तर पुन्हा विचारायचं का?

मराठी माणसाचं 'बघू' म्हणजे नाही. 'नंतर सांगतो' म्हणजेही नाही. 'असू दे' म्हणजे तर ठाम नाही. आपल्याकडे तोंडावर नको म्हणणं जड जातं, म्हणून हे शब्द आहेत. तुम्ही ते शब्दशः घेऊन दहा मिनिटांनी 'काय ठरलं मग माशाचं?' म्हणालात तर त्यांना दुसऱ्यांदा नको म्हणायला लावता, आणि तेही आता उघड. काही जण त्या संकोचाने हो म्हणतात. तसलं हो आपल्याला नको आहे.

ते ओळखायचं कसं? नवरा हो म्हणतो आणि बायकोकडे बघतो. किंवा हो म्हणून मेन्यू पुन्हा उघडतो, उजवीकडच्या आकड्यांवर नजर फिरवतो. किंवा 'हो हो, चालेल' असं दोनदा म्हणतो. अशा वेळी तुम्हीच मागे या: 'सर, थाळीत तळलेली तुकडी आहेच, ती खाऊन बघा. हवा वाटला तर मग सांगा.' इंग्रजीत: 'द थाली ऑलरेडी हॅज अ पीस ऑफ फिश. यू कॅन डिसाइड लेटर.' आणि मग ते सांगेपर्यंत तो विषय संपला.

परदेशी पाहुणा 'मेबी लेटर' म्हणाला तर एकदा विचारायला हरकत नाही, त्याला नको असेल तर तो सरळ 'नो, थँक यू' म्हणेल. एकदाच मात्र.

चार पाहुण्यांसमोर भाव सांगितला तर यजमानाला कमीपणा वाटतो. तेव्हा?

हा प्रश्न बरोबर आहे. बॉस आपल्या माणसांना घेऊन आलाय, किंवा व्याही जेवायला बोलावलेत, तिथे 'साडेबाराशे होतील हं' असं मोठ्याने म्हणणं म्हणजे त्याला भर टेबलावर कोंडीत पकडणं. तो स्वस्त मासा मागू शकत नाही आणि महाग परवडत नाही.

अशा टेबलावर पैसे कोण देणार हे आधी हेरा, आणि फक्त त्याला काउंटरवर बोलवा: 'सर, मासा तुम्ही निवडून द्याल का?' कोणालाही यात काही वावगं दिसत नाही, उलट मान दिल्यासारखं होतं. तिथे काट्यापाशी आकडा सांगा. उठणं शक्य नसेल तर केओटीच्या पानावर दोन माशांची दोन वजनं आणि दोन रकमा लिहून पान त्याच्यासमोर ठेवा, त्याने बोट ठेवलं की झालं. भाव सांगायचा, चारचौघांत ओरडायचा नाही.

फेणीचं काय? टेबलावर बसले की आधी तीच सुचवतात सगळे.

एकदा सुचवा, तीही कुतूहल दिसलं तर. काजूची फेणी साधारण ४२ टक्क्यांची असते आणि तिचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला झेपत नाही. म्हणून म्हणा: 'सर, फेणी पहिल्यांदा घेत असाल तर एक स्मॉल मागवा, वास आवडला तर पुढचं बघू.' इंग्रजीत: 'इफ इट इज युअर फर्स्ट फेणी, स्टार्ट विथ अ स्मॉल वन. द स्मेल इज स्ट्राँग.' इथे तुम्ही बिल कमी करताय असं वाटेल. पण लार्ज मागवून ग्लास अर्ध्यात सोडणारा पुन्हा कधी फेणी मागवत नाही.

मार्च ते मे उर्राक असते. ती फेणीपेक्षा हलकी, लिंबू, मीठ, मिरची आणि लिमका घालून सरबतासारखी उतरते, आणि तिथेच फसायला होतं. खुर्चीखाली हेल्मेट दिसलं तर दुसरी सुचवायची नाही. ग्लास रिकामा झाला रे झाला की 'रिपीट करू सर?' म्हणत जाणंही बंद. त्यांनी बघितलं की जायचं. एकविसाच्या आतला वाटला तर सुचवण्याचा प्रश्नच नाही, ओळखपत्र मागायचं.

पाण्याबद्दल?

'साधं फिल्टरचं आणू की बाटलीचं?' साधं आधी, आणि दोन्ही एकाच सुरात. इंग्रजीत: 'रेग्युलर फिल्टर्ड वॉटर, ऑर बॉटल्ड?' विचारायच्या आधी बाटलीचं सील तोडून ठेवणारा वेटर माझ्या सेक्शनमध्ये टिकत नाही.

जूनमध्ये मासाच नसतो, तेव्हा काय सुचवायचं?

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते. तेव्हा बर्फावर जे असतं ते बरंचसं खाडीचं, नदीचं किंवा साठवणीतलं. विचारलं तर तसंच सांगा. 'आज सकाळचाच' हे वाक्य जूनमध्ये सुरमईला लावू नका, गिऱ्हाइकालाही बातम्या कळतात. त्या दिवसांत सुंगटांचं हुमण किंवा तिसऱ्या सुचवा, किंवा सरळ चिकन शागुती. 'सुरमई आहे, पण फ्रोझन आहे. मी असतो तर आज शागुती घेतली असती.' बंदीच्या दिवसांत एवढं पुरतं.

आणि एरवीही मासा सुचवण्याआधी स्वतः बघून या. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला उचलला की लाल हवा, बोट दाबलं की खड्डा भरून यायला हवा. डोळा आत गेलेला आणि कल्ला तपकिरी दिसला तर तो मासा ट्रेमध्ये ठेवू नका, किचनमधून कोणी कितीही सांगो.

पण मॅनेजर सांगतात, आज एवढ्या प्लेटा गेल्याच पाहिजेत.

मला सांगा, मी बोलतो. 'आज हे संपवा' अशी यादी किचनकडून येते ती बहुधा उरलेल्या मालाची असते. तिला सुचवण्याचं नाव देऊन तुम्ही ती टेबलावर नेली की चूक किचनची आणि तोंड तुमचं.

माणशी बिल किती झालं हा आकडा मीही रोज बघतो. वर सांगितलेल्या सोमवारच्या टेबलाचं ते माणशी ३५५ वरून ५८७ झालं. पण त्याच्या जोडीला मी आणखी दोन गोष्टी बघतो. उचललेल्या ताटांत अर्धा मासा परत आला का? आणि बिल ठेवल्यावर 'हे कशाचे?' असं कोणी विचारलं का? ज्या सेक्शनमध्ये माणशी बिल चढलंय आणि या दोन्ही गोष्टीही वाढल्यात, तिथे कोणीतरी माल गळ्यात मारतंय.

मला इंग्रजी नीट येत नाही, गोंधळ होतो.

चार गोष्टी पाठ कर: माशाचं नाव, किती जणांना पुरतो, रुपये, मिनिटं. 'चोनाक. फॉर टू. एट हंड्रेड. ट्वेंटी फाइव्ह मिनिट्स.' व्याकरण नसलं तरी याने फसवणूक होत नाही. लांबलचक गोड इंग्रजी बोलून आकडा गिळणारा वेटर मला नको. आकड्यांत फिफ्टीन आणि फिफ्टी यांची गल्लत होते, म्हणून रक्कम बोलतानाच कागदावर लिहून दाखव.

नको म्हणाले, तर ट्रे परत नेताना काय बोलायचं?

'ठीक आहे काका, थाळ्या लगेच आणतो.' चेहरा तोच ठेवायचा. ट्रे दोन्ही हातांनी सरळ धरायचा, बर्फाचं पाणी एका कोपऱ्यात जमलेलं असतं, ते काकांच्या खांद्यावर सांडतं.